घोरपडीचं काय करायचं?

आमच्या भटकंतीच्या गटानं शिवाजी महाराजांवर एक छोटी पुस्तिका काढायचं ठरवलं. गडावर येणाऱ्या शाळांच्या सहलींना ती द्यायची होती. प्रकरणं वाटली गेली, तेव्हा सिंहगडाचं माझ्या वाट्याला आलं. बाकीच्यांनी माझं अभिनंदन केलं, कारण हे सगळ्यात सोपं प्रकरण होतं. तानाजी, रायबाचं लग्न, यशवंती घोरपड, शेलारमामा, कापलेला दोर, ‘गड आला पण सिंह गेला’ हे सगळं चौथीतल्या पोरालाही पाठ असतं. बसायचं आणि लिहून काढायचं.

पुस्तिकेचं संपादन एका निवृत्त इतिहास शिक्षकांकडे होतं. मोडी वाचणारे, कमी बोलणारे गृहस्थ. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणतो. त्यांनी एकच अट घातली. मजकुरातल्या प्रत्येक वाक्याशेजारी समासात लिहायचं, की हे कोण सांगतंय आणि तो माणूस घटनेपासून किती वर्षं लांब आहे. हा समास छापायचा नव्हता, तो फक्त आमच्यापुरता होता. पण त्या समासानंच माझं सोपं प्रकरण खाऊन टाकलं.

वाक्यं लिहीत गेलो आणि समास भरत गेलो, तशी मजेशीर वाटणी दिसायला लागली. किल्ला 1665 साली पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या 23 किल्ल्यांत होता. या वाक्याला तहाच्या काळातले कागद आहेत. 1670 च्या सुरुवातीला महाराजांनी तह मोडून किल्ले परत घ्यायला सुरुवात केली, हेही पक्कं. माघ वद्य नवमी शके 1591 ही तिथी जेधे शकावलीतली, म्हणजे जेधे घराण्याकडच्या तिथीवार नोंदींतली. जुन्या ज्युलियन गणनेनं ती 4 फेब्रुवारी 1670 येते. इथवर समास भरलेला होता. पुढे रायबाचं लग्न, शेलारमामाचं वय, घोरपड, तिचं नाव, उदेभानाचा हत्ती या सगळ्यांसमोर मात्र एकच शब्द येत राहिला. पोवाडा.

म्हणजे शाहीर तुळशीदासाचा पोवाडा. तो छापून सर्वांपुढे आला 1891 मध्ये, अ‍ॅकवर्थ आणि शाळिग्राम यांनी काढलेल्या पोवाड्यांच्या संग्रहात. तोवर तो गाणाऱ्यांच्या तोंडी आणि वह्यांमध्ये होता. छापण्याची तारीख ही रचनेची तारीख नव्हे, हे मला ठाऊक होतं. जुनी रचना उशिरा छापली जाऊ शकते. त्यामुळे ‘1891 चा पोवाडा, म्हणून खोटा’ असं म्हणून मोकळं होता येत नव्हतं. पोवाड्याचं वय पोवाड्याच्या पोटातूनच काढायचं होतं.

सरांनी सुचवलं, गोष्ट बाजूला ठेव आणि शाहिरानं सहज जाता जाता काय सांगितलंय ते बघ. रंगवून सांगायच्या जागी प्रत्येक जण सावध असतो, पण सहज बोललेल्या ठिकाणी आपला काळ उघडा पडतो. पोवाड्याच्या सुरुवातीलाच किल्ल्यांची मालकी सांगितली आहे. राजगड राजाचा, प्रतापगड जिजाबाईंचा, सिंहगड आणि पन्हाळा मोगलांचे. लहानपणापासून या ओळी ऐकत आलोय, कधी थांबलो नव्हतो. आता थांबलो, कारण 1670 मध्ये पन्हाळा मोगलांकडे नव्हताच. तो विजापूरच्या आदिलशाहीकडे होता आणि 1673 मध्ये महाराजांनी तो आदिलशाहीकडूनच घेतला. मोगलांच्या हातात पन्हाळा पडला तो संभाजी महाराजांच्या मृत्यूनंतर. पन्हाळा मोगलांचा होता ही आठवण ज्या पिढीच्या डोक्यात आहे, ती पिढी 1670 ची असू शकत नाही. निदान ही ओळ तरी बरीच नंतरची.

एवढ्यानं सगळा पोवाडा उशिराचा ठरत नाही. तोंडी चालत आलेल्या रचनेत नव्या ओळी शिरतात, जुन्या गळतात. पण एक गोष्ट मला कळली. ज्या रचनेत पन्हाळ्याचा मालक चुकतो, तिच्या एकटीच्या भरवशावर घोरपडीचं नाव लिहिता येणार नाही.

मग दुसरा साक्षीदार. कृष्णाजी अनंत सभासदाची बखर राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीत, 1690 च्या दशकात लिहिली गेली. सभासद महाराजांच्या काळातला माणूस, दरबारातला. घटनेपासून पंचवीसएक वर्षं लांब आणि कागदपत्रांपासूनही लांब, कारण जिंजी म्हणजे थेट तामिळ मुलूख. आठवणीवर लिहिणारा, पण ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांच्यात वावरलेला. समासात मी लिहिलं, ‘जवळचा, पण स्मरणावर’.

सभासदाची हकीकत थोडक्यात अशी. तानाजी मालुसरा म्हणतो, कोंडाणा आपण घेतो. महाराज त्याला वस्त्रं आणि विडे देतात. तो पाचशे माणसं घेऊन रात्री गडाखाली जातो. दोन चांगले मर्द मावळे निवडून कड्यावरून वर पाठवतो. ते वानरासारखे चढतात, वरून माळ लावतात आणि मग तीनशे माणूस वर येतं. माळ म्हणजे दोराची शिडी. पुढे उदेभान आणि तानाजी समोरासमोर येतात, दोघेही पडतात आणि सूर्याजी मालुसरा लोक सावरून गड घेतो.

घोरपड कुठंही नाही. दोन माणसं हातापायांनी चढली आणि त्यांनी वरून माळ सोडली. डोंगरी मुलखात वाढलेल्या मावळ्यांबाबत हे सहज पटण्यासारखं आहे. रायबा नाही, शेलारमामा नाही, जिजाबाईंनी सारीपाटाच्या डावात किल्ला मागणं नाही. त्या शेवटच्या प्रसंगाची तर मोहिमेला गरजच नाही. तह मोडला होता, एकेक किल्ला परत घेण्याचा क्रम सुरू झाला होता आणि सिंहगडानंतर मार्चमध्ये पुरंदरही आला. पुण्याच्या उशाशी असलेला हा किल्ला त्या यादीत वर असणार, हे समजायला आईचा हट्ट लागत नाही.

आमच्या गटातला एक मित्र मात्र घोरपड सोडायला तयार नव्हता. तो म्हणाला, “अरे, घोरपड म्हणजे जनावर नसेलच. दोराच्या टोकाला लावायचा आकडा असेल, त्याला घोरपड म्हणत असतील. किंवा माळेलाच म्हणत असतील. आता पटतंय की नाही?” ही तोड मी आधीही ऐकली होती आणि मलाही ती आवडायची. सरांनी तिला हातही लावू दिला नाही. त्यांचं म्हणणं, आकड्याला तेव्हा घोरपड म्हणत याचा एक कागद आणा. तो नसेल तर आपण फक्त न पटणाऱ्या गोष्टीची पटणारी गोष्ट केली. ती आता कुठल्याच साक्षीदाराची राहिली नाही. पोवाडा जिवंत घोरपड सांगतो, सभासद घोरपडच सांगत नाही, आणि आकडा फक्त आपणच सांगतोय.

या कामात मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट हीच. अद्भुत कथा ओळखता येते, तिच्यापासून माणूस जपून राहतो. अद्भुत भाग काढून सपाट केलेली कथा मात्र इतिहासासारखी दिसते आणि पुस्तकात मुकाट्यानं शिरते. तिच्यातल्या चमत्काराबरोबर तिचा उगमही पुसला जातो.

घोरपडीबद्दल आणखी एक धागा हाताला लागला. मुधोळच्या घोरपडे घराण्याच्या आडनावाची कथा प्रसिद्ध आहे. बहमनी काळात, वजीर महमूद गावानच्या खेळणा किल्ल्याच्या मोहिमेत, त्यांच्या पूर्वजानं घोरपडीला दोर बांधून कडा सर केला आणि त्यावरून हे नाव मिळालं, असं सांगतात. खेळणा म्हणजे आजचा विशाळगड. ती मोहीम तानाजीच्या आधी दोनशे वर्षांची. ती कथाही घराण्याची, म्हणजे तिलाही तेवढंच जपून घ्यायला हवं. पण अवघड कडा घोरपडीनं सर होतो ही कल्पना सह्याद्रीत एकाच गडाला चिकटलेली नाही, हे त्यातून दिसतं. एकच खूण दोन वीरांच्या गोष्टींत आढळली की मी ती आता गोष्ट सांगणाऱ्यांच्या पोतडीत टाकतो, घटनेच्या खात्यावर मांडत नाही.

यानंतर खरी कठीण जागा आली. किल्ल्याचं नाव. तानाजी पडला, महाराज म्हणाले ‘गड आला पण सिंह गेला’, आणि तेव्हापासून कोंढाण्याचा सिंहगड झाला. प्रत्येक सहलीत गाईड हेच सांगतो. मीही पाहुण्यांना हेच सांगितलंय, पुणे दरवाज्यात उभं राहून.

इथं समास रिकामा राहिला नाही, उलट विरुद्ध बाजूनं भरला. 3 एप्रिल 1663 चं महाराजांचं पत्र आहे, मोरोपंत पेशवे आणि निळोपंत सोनदेव मुजुमदार यांना. गडावर फितव्याची बातमी आली, म्हणून त्यांना तिकडे जायला सांगितलंय. त्या पत्रात किल्ल्याचं नाव सिंहगड असं आहे. तानाजी पडण्याच्या जवळपास सात वर्षं आधी. पत्राची वेळही बघण्यासारखी आहे. शास्ताखान पुण्यात लाल महालात होता आणि दोनच दिवसांनी, 5 एप्रिलच्या रात्री, महाराजांनी त्याच्यावर छापा घातला. छाप्याच्या तोंडावर पाठीशी असलेला किल्ला फितुरीत जाऊ नये, ही घाई त्या तारखेत दिसते. पत्र ज्या परिस्थितीत लिहिलं असायला हवं त्याच परिस्थितीत बसतं, आणि त्यात कुणाला किल्ल्याच्या नावावरून काही सिद्ध करायचं नव्हतं. मोहिमेच्या हुकुमात नाव सहज आलंय. पन्हाळ्याच्या ओळीनं पोवाड्याचा विश्वास कमी झाला, त्याच कसोटीनं या पत्राचा वाढला.

एका कागदावर भिस्त ठेवायची का, असं मी विचारलं. सर म्हणाले, या प्रश्नापुरती ठेवायला हरकत नाही. ‘1670 नंतरच हे नाव आलं’ असा दावा असेल, तर 1670 च्या आधीचा एक अस्सल उल्लेख तो मोडायला पुरतो. उलट बाजू अवघड आहे. नाव नेमकं कधी आणि कशावरून पडलं, हे त्या एका उल्लेखातून निघत नाही. त्यामुळे पुस्तिकेत मी तेवढंच लिहिलं, की 1663 मध्ये हे नाव वापरात होतं. कोंढाणा हे जुनं नावही सोबत चालू राहिलं. सभासद स्वतःच 1670 ची हकीकत सांगताना कोंडाणा म्हणतो. पुढे 1703 मध्ये औरंगजेबानं किल्ला घेऊन बक्षिंदाबक्ष असं नाव दिलं, ते टिकलं नाही. आणि गंमत म्हणजे पोवाड्याच्या सुरुवातीच्या त्या मालकीच्या ओळीतही किल्ला सिंहगडच आहे, तानाजी मरायच्या कितीतरी कडवी आधी.

मग ते वाक्य? सभासदात महाराजांच्या तोंडी वाक्य आहे, पण ते असं: “एक गड घेतला, परंतु एक गड गेला.” सिंह नाही. दोन्हीकडे गडच. सिंह असलेला पाठ घरोघर पक्का झाला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीनं, तिचं नावच ते होतं. सिंहगड हे नाव आधीपासून असल्यानं सिंहाचा शब्द त्या वाक्यात बसायला जागा तयारच होती. म्हणजे वाक्यावरून नाव आलं असं आपण सांगतो, पण कागदांचा क्रम पाहिला तर नावाच्या आधारानं वाक्य घडलं असण्याचीच शक्यता जास्त. हा माझा तर्क आहे, आणि समासात मी त्यापुढे ‘तर्क’ असंच लिहिलं.

मला स्वतःला सभासदाचं वाक्य जास्त आवडतं. तानाजी म्हणजे एक किल्लाच, असं एका राजानं म्हणणं. किल्ले मोजण्यात ज्याचं आयुष्य चाललं होतं, त्याच्या तोंडी शोभणारं माप आहे ते. पण आवड हा पुरावा नव्हे. त्या रात्रीनंतर राजगडावर महाराज काय बोलले ते कुणी टिपून ठेवलेलं नाही. बखरीत माणसं बोलतात, ही बखरीची रीत आहे. त्यामुळे छापताना ‘महाराज म्हणाले’ असं न लिहिता ‘सभासद लिहितो की महाराज म्हणाले’ असं लिहिलं. एवढ्या तीन शब्दांवरून गटात सगळ्यात जास्त वाद झाला. “प्रत्येक ओळीत सभासद, सभासद, पोरं कंटाळतील,” असं एकाचं म्हणणं. त्यावर तोडगा निघाला तो असा, की हकीकत सुरू होताना एकदाच सांगायचं, आता जे वाचाल ते सभासदाचं, आणि मग न अडखळता त्याची गोष्ट त्याच्या क्रमानं सांगायची.

जे तपासता येईल ते तपासलं. सभासद सांगतो, की गड हाती आल्यावर पागेचे खण पेटवून दिले, आणि राजगडावर महाराजांनी तो उजेड पाहून गड घेतल्याचं ओळखलं. हे मला आधी नाटकी वाटलं होतं. पण सिंहगडावरून राजगड उघड दिसतो, सरळ रेषेत अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास. गवताची शाकारणी एकदम पेटली तर तेवढ्या अंतरावरून रात्री दिसू शकते. शिवाय तिथीही मदतीला आली. वद्य नवमीला चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवतो. म्हणजे रात्रीचा पहिला भाग पूर्ण अंधाराचा, कडा चढायला आडोशाचा, आणि नंतर अर्ध्या चंद्राचा उजेड. शकावलीतली तिथी आणि बखरीतली हकीकत एकमेकींकडे न बघता लिहिल्या असतील, तर त्या अशा जुळणं महत्त्वाचं आहे. अर्थात जुळलं म्हणून आग लागलीच असं होत नाही. ते शक्य होतं, इतकंच. ‘शक्य’ आणि ‘झालं’ यांच्यात मी मधूनमधून घसरायला लागलो, की सरांची पेन्सिल फिरायची.

आकड्यांवर मात्र मी फारसा रेंगाळलो नाही. पाचशे, तीनशे हे बखरीतले आकडे ‘बरेच’, ‘त्याहून कमी’ अशा अर्थानं घ्यावेत असं माझं मत झालंय. हजेरीपट असता तर गोष्ट वेगळी.

एक भीती आम्हा सगळ्यांना होती. हे छापलं तर लोक म्हणतील, तानाजीला लहान केलं. कामात उतरल्यावर मला उलटंच वाटायला लागलं. घोरपड काढली की कड्यावर दोन माणसं उरतात. त्यांची नावंही सभासदानं दिलेली नाहीत. अंधारात, बोटांच्या आधारानं, वर बाराशे की किती रजपूत आहेत हे माहीत असून चढणारी. घोरपडीच्या गोष्टीत ती दोघं नाहीशीच होतात, सगळं श्रेय जनावराला जातं. शाळेतल्या मुलांसमोर या दोघांबद्दल बोललं की प्रश्न वेगळे येतात. दोर कसा बांधला, पाय घसरला तर काय, पहारेकरी कुठं होते. एकाही मुलानं ‘मग घोरपड खोटी का’ म्हणून रडगाणं लावलं नाही. मोठी माणसं लावतात.

पोवाडा आम्ही टाकून दिला नाही. त्याला पुस्तिकेत स्वतःचं पान दिलं, ‘लोकांनी तानाजीला कसं आठवलं’ या नावानं. रायबाचं लग्न तिथं आहे, ऐंशी वर्षांचा शेलारमामा तिथं आहे, उदेभानाचा चंद्रावळी हत्तीही आहे. त्या पानावर पन्हाळ्याची ओळही दिली आणि खाली मुलांना विचारलं, यात काय चुकलंय ते शोधा. 1670 च्या घटनेबद्दल पोवाडा कमी सांगतो, पण पुढच्या शे-दोनशे वर्षांत लोकांना राजासाठी मरणारा माणूस कसा हवा होता याचा तो पहिल्या हाताचा कागद आहे. घरचं लग्न मागं ठेवून निघणारा तानाजी त्या लोकांनी घडवला, आणि तो त्यांना एवढा आवडला की बखरीतला तानाजी त्याच्यामागे झाकला गेला. हेही महाराजांच्या इतिहासाचंच एक अंग आहे, फक्त त्याचा काळ वेगळा.

चित्रकाराकडून मुखपृष्ठ आधीच तयार होऊन आलं होतं. कडा, चंद्र, आणि मधोमध कमरेला दोर बांधलेली भलीमोठी घोरपड. चित्र सुरेख होतं, बदलायला पैसे नव्हते. सरांनी ते आतल्या पोवाड्याच्या पानावर नेलं, खाली ‘तुळशीदासाच्या पोवाड्यावरून’ एवढी ओळ टाकली, आणि मुखपृष्ठावर सिंहगडावरून दिसणाऱ्या राजगडाचा साधा फोटो आला. चित्रातला चंद्र पौर्णिमेचा होता. तो त्यांनी तसाच राहू दिला, पोवाड्याला चालतो म्हणाले.